नुसतं पाणी

मे महिन्याच्या भर दुपारी, कोळवणच्या फार्महाऊसचं बांधकाम चालू असताना रत्नाबाई विटांची पाटी टाकून खाली बसली. "पोटऱ्यांत गोळं आल्यात, सायेब."

"सकाळपासून माठ रिकामा केलात, तरी कुरकुर?" सुपरवायझर नरहरी सगळ्यांदेखत ओरडला. "सोंग पुरे!"

ती उठायला गेली आणि कळवळून पडली. गवंडी गेणबानं तिला सावलीत नेलं, पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ कालवून घोटघोट पाजलं.

"निसतं पानी पिऊन भागत न्हाई. घामासंगं मीठबी जातंय. तुमी सरबत पिताय, ते उगाच व्हय?" त्यानं नरहरीला विचारलं.

नरहरीनं लिंबू-मिठाच्या सरबताची बाटली पाठीमागे लपवली. तासाभरानं रत्नाबाईला बरं वाटलं.

"चुकलं माझं," तो पुटपुटला. तिच्याकडे बघायचं मात्र त्याला धाडस झालं नाही.