बटणाची ओळ

दुकानात नवी शिलाई मशिनं आली तेव्हा सोळाच्या सोळा मशिनांची माहिती वहिनींनी एका दिवसात वेबसाइटवर चढवली. टाके किती, मोटर कुठली, सोबत काय काय मिळतं, कापड कुठलं चालतं, सगळं. त्यांना सगळे वहिनीच म्हणायचे. धाकटा दीर म्हणायचा म्हणून गिऱ्हाइकंही म्हणू लागली. दुकान दिराचं; विक्री, दुरुस्ती त्याच्याकडे आणि कॉम्प्युटर वहिनींकडे.

"एका दिवसात सोळा?" भाऊजी म्हणाले होते. "तुमचे हात आहेत की मशीन?"

वहिनी हसल्या होत्या. खरं तर युक्ती सोपी होती. सगळ्यात भारी मशिनाची माहिती नीट बसून लिहायची, मग तीच उचलून पुढच्याला चिकटवायची आणि जे वेगळं असेल तेवढं बदलायचं. टाके साठ होते तिथे तेरा. डीसी मोटर होती तिथे साधी एसी मोटर, सत्तर वॅट. झालं.

तीन आठवड्यांनी एका सकाळी फोन आला. बाईचा आवाज होता, शांत, पण ओढून धरलेला.

"तुमच्याकडून मशीन मागवलं होतं, तेरा टाक्यांचं. त्यात पेडल निघालंय."

"हो, पेडल असतंच ताई. सोबतच्या वस्तूंमध्ये लिहिलंय."

"आणि बटण कुठाय?"

"कुठलं बटण?"

"तुम्ही लिहिलंय ते. 'पेडलशिवायही चालते. बटण दाबा, शिवण सुरू.' मी तेवढ्यासाठीच घेतलं. माझ्या बाबांचे पाय चालत नाहीत."

वहिनींनी कॉम्प्युटरवर ते पान उघडलं. तेरा टाके बरोबर. सत्तर वॅट बरोबर. आणि खाली, मोटरच्या नंतर, भारी मशिनावरून आलेली ती एक ओळ जशीच्या तशी बसलेली.

"ताई, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी स्वतः येते."

भाऊजींना सांगितलं तेव्हा ते एका मशिनाला तेल घालत होते. त्यांनी मानही वर केली नाही. "परत घ्या, पैसे परत द्या, माफी मागा. विषय संपला. आणि ती ओळ आधी काढा."

"ओळ काढली. पण माणसाचं काय?"

"कुठल्या माणसाचं?"

"ज्याला बटण हवं होतं त्याचं."

भाऊजींनी तेलाची बाटली ठेवली. "वहिनी, चुकीच्या मशिनाच्या किमतीत बरोबर मशीन द्यायला आपण धर्मशाळा नाही उघडलेली."

पत्ता घेऊन वहिनी निघाल्या.

घर तिसऱ्या गल्लीत, तळमजल्यावर होतं. दार फोन करणाऱ्या मुलीनंच उघडलं. खिडकीजवळ चाकांच्या खुर्चीत एक सडपातळ माणूस बसला होता, शर्टाची इस्त्री कडक, मिशा कातरलेल्या. बत्तीस वर्षं शिंपीकाम केलेले, सगळी पेठ ज्यांना मास्तर म्हणायची, ते हे. दोन वर्षांपूर्वी माळ्यावरचं कापड काढताना शिडीवरून पडले आणि कमरेखालचं शरीर गेलं. पायानं चालवायचं जुनं मशीन मुलीनं मग पलंगाखाली सरकवून टाकलं होतं, रोज समोर दिसू नये म्हणून.

नवं मशीन टेबलावर होतं. पेडल मात्र जमिनीवर नव्हतं. ते टेबलावरच, डाव्या कोपराखाली ठेवलेलं होतं.

"या," मास्तर म्हणाले. "तुम्हीच का ती माहिती लिहिणाऱ्या? बसा. खोका उघडला आणि आतून पेडल निघालं तेव्हा मी पोरीला म्हटलं, बघ, मशिनालासुद्धा पाय लागतात."

त्यांचा आवाज रागावलेला असता तर वहिनींना बरं वाटलं असतं.

"कोपरानं प्रयत्न केला," मास्तर पुढे म्हणाले. "बघायचंय?" त्यांनी सुती कापडाच्या दोन पट्ट्या सुईजवळच्या, कापड दाबून धरणाऱ्या फूटखाली घेतल्या आणि कोपर दाबलं. मशीन गुरगुरलं, मग एकदम पळालं. डावा हात पेडलवर अडकलेला, म्हणून कापड धरायला एकच हात. शिवण बैलाच्या मुतासारखी वाकडी गेली. मास्तरांनी ती उचलून उजेडात धरली. ज्याची शिवण सरळ आहे का हे लोकांनी आयुष्यात कधी मोजून पाहिलं नाही, त्या माणसाच्या हातात ती वाकडी शिवण होती. मुलगी उगाचच स्वयंपाकघरात गेली.

वहिनींनी माफी मागितली. मास्तरांनी ऐकून घेतली. मग मुलीनं वेबसाइटवरून छापून आणलेला कागद त्यांनी खिशातून काढला.

"एक विचारू? राग नका मानू. या मशिनावर तुम्ही कधी शिवलंय?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"वाटलंच. इथे लिहिलंय, 'सर्व प्रकारच्या कापडांसाठी उत्तम'. सर्व म्हणजे कुठलं? हे बघा." त्यांनी जुन्या जीन्सची मोरी, म्हणजे पायाची खालची कड, दुमडून फूटखाली सरकवली आणि हळू दाबलं. दुमडलेल्या जोडावर येताच मोटर घूं घूं करत अडली, सुई तिथेच थांबली. जास्त दाबलं तेव्हा मशिनानं उडी मारली आणि दोन टाके सोडले. "साधी मोटर हळू फिरवली की तिच्यात जोर राहत नाही. सपाट दोन पदर जीन्स ही ओढेल, सोळा नंबरची सुई लावली तर. पण असा जाड जोड आला की चाक हातानं फिरवायचं. हे का नाही लिहिलं?"

"मला माहीत नव्हतं."

"आणि बनियनचं कापड? तुमच्या डबीत सुया सगळ्या साध्या. ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई लागते, नाहीतर टाके सुटतात. लोकांना वाटतं मशीन खराब. मशीन खराब नाही हो. सुती, पॉपलीन, लिनन यांवर सोन्यासारखं चालतं. काज चार टप्प्यांत करतं, पण स्वच्छ करतं. त्या बिचाऱ्याला उगाच हत्तीचं ओझं दिलंत तुम्ही."

वहिनींनी पर्समधून पेन काढलं आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली. मास्तर आधी थबकले, मग खुर्ची जवळ घेऊन सांगत बसले. रेशमाला अकरा नंबरची सुई. मऊ, घसरणाऱ्या कापडाखाली पातळ कागद. कॅनव्हास, चामडं, रेक्झीन नको म्हणजे नकोच. मुलीनं चहा आणला तो गार झाला तरी दोघांच्या लक्षात आलं नाही.

मशीन घेऊन वहिनी दुकानात परतल्या. त्यांनी ते भाऊजींसमोर ठेवलं, पेडल त्याच्याशेजारी टेबलावर ठेवलं, आणि म्हणाल्या, "कोपरानं चालवा."

"काय?"

"एक सरळ शिवण मारून दाखवा. पाय जमिनीला लावायचे नाहीत."

भाऊजी हसत बसले. पहिली शिवण वाकडी गेली, दुसरीही. तिसऱ्या वेळी कापड फूटखालून निसटलं आणि त्यांच्या बोटापासून केसभर अंतरावर सुई खाली आली. ते हसायचे थांबले.

"बत्तीस वर्षांचे मास्तर आहेत," वहिनी म्हणाल्या. "सकाळपासून हे करत होते."

भाऊजी उठले. काचेजवळ गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेलं भारी मशीन नवा माल आल्या दिवसापासून तिथेच होतं; शंभर लोकांनी त्यावर बोटं फिरवली होती, त्यामुळे नवं म्हणून ते विकता येणारच नव्हतं. भाऊजींनी ते उघडलं, आतला कापूस ब्रशनं काढला, तेल घातलं, सुई बदलली. शेवटी म्हणाले, "हे बदलून द्या. वरचे पैसे मागू नका. आणि हे धर्मशाळेतलं नाही म्हणावं, लिहिलं होतं तेच देतोय."

दुसऱ्या दिवशी दोघंही गेले. मशीन मांडलं, सवयीनं मुलीनं पेडलची वायरही जोडली. मास्तरांनी दोरा ओवला, कापड घातलं, बटण दाबलं.

काहीच झालं नाही. मशीन नुसतं टिक टिक करून गप्प.

मास्तरांनी पुन्हा दाबलं. मग हात मांडीवर ठेवला. मुलीचा चेहरा उतरला. भाऊजींनी प्लग हलवून पाहिला. या मशिनाची माहिती मात्र वहिनींनी नीट बसून, पुस्तिका वाचून लिहिली होती. त्या आठवू लागल्या. आणि आठवलं.

"पेडल काढा," त्या म्हणाल्या. "पेडल जोडलेलं असलं की बटण चालत नाही. आणि मास्तर, फूट वर आहे. खाली करा."

मुलीनं वायर ओढून काढली. मास्तरांनी फूट खाली केला, वेगाची पट्टी अगदी कमीवर आणली आणि बटण दाबलं. सुई चालू लागली, एकेक टाका, संथ, न अडखळता. दोन्ही हात कापडावर होते. शिवण सरळ गेली. टोकाला पोचल्यावर मास्तरांनी बटण दाबून थांबवलं, सुई हातानं वर घेतली, कापड काढलं, आणि कुणालाही न दाखवता उलटं करून खालचे टाके तपासले.

"बॉबिनचा ताण जरा सैल आहे," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण तक्रार मात्र खरी होती. भाऊजींनी लगेच स्क्रू ड्रायव्हर काढला.

त्या संध्याकाळी वहिनींनी तेरा टाक्यांच्या मशिनाची माहिती पुसून नव्यानं लिहिली. मोटर साधी, पेडलवरच चालते. सोबत चार बॉबिन, साध्या सुया, चेनचा फूट, काजाचा फूट, बटण लावायचा फूट, टाके काढायची उसवणी, ब्रश. गोल टोकाची सुई वेगळी घ्यावी. सुती, पॉपलीन, लिनन, पातळ रेशीम उत्तम. जीन्स दोन पदर. जाड जोड, कॅनव्हास, चामडं यासाठी नाही. वाचून भाऊजी म्हणाले, "हे विकायला लिहिलंय की न विकायला?" पहिल्या महिन्यात खप कमी झालाही. पण परत येणारे खोके जवळजवळ थांबले, आणि भाऊजी त्याबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत. उरलेली चौदा मशिनं वहिनी एकेक करून मास्तरांकडे नेऊ लागल्या. मास्तर प्रत्येकावर शिवून बघत आणि मत सांगत. मत बहुधा फटकळ असे.

मास्तरांनी सगळ्यात आधी स्वतःसाठी पँट शिवली. बाजारातली पँट उभ्या माणसासाठी कापलेली असते. दिवसभर बसणाऱ्याची ती मागून खाली सरकते आणि पुढे पोटात खुपते. मास्तरांनी मागचा भाग उंच घेतला, पुढचा उतरता ठेवला, मागचे खिसे काढून टाकले आणि एक खिसा मांडीवर लावला, हात सहज पोचेल असा.

मास्तर व्यायामाला जात तिथल्या, चाकांच्या खुर्चीतल्याच एका बाईनं ती पँट पाहिली आणि विचारलं, "कुठून घेतली?"

"घ्यायला काय मिळतंय," मास्तर म्हणाले. "माप द्या. बसूनच घ्यायचं."