सतरा दिवस बंद असलेला नंबर

चावीवाल्याचा नंबर गावातल्या अर्ध्याअधिक दारांवर होता. कुलूप बसवून झालं की चौकटीच्या बाहेरच्या बाजूला तो आपला पिवळा स्टिकर डकवायचा. दार आतून लागलं, किल्ली हरवली, कुलपात तुटली, की लोक त्या नंबरावर फोन करायचे. एकवीस वर्षांत त्याने दुकान दोनदा बदललं, नंबर एकदाही नाही.

पण हल्ली दुकानात रेंजच यायची नाही. शेजारी मोठी इमारत उठली आणि फोनवर बोलायला त्याला हातातली कानस टाकून रस्त्यावर धावत यावं लागे. लेक म्हणाली, "बाबा, कंपनी बदला ना. नंबर तोच राहतो."

त्याने जुन्या कंपनीकडून मेसेजवर कोड मागवला, नव्या कंपनीच्या दुकानात जाऊन ओळखपत्र दाखवलं, अंगठा दिला, नवं कार्ड घेतलं. काउंटरवरच्या मुलीने समजावलं, "काका, तीन-चार दिवसांत जुनं कार्ड बंद पडेल. मग हे घालायचं. थोडा वेळ दोन्ही बंद असतील, घाबरू नका."

चौथ्या दिवशी सकाळी जुनं कार्ड बंद पडलं. त्याने नवं घातलं आणि वाट पाहिली. दुपार झाली, संध्याकाळ झाली. नवं कार्ड काही जिवंत होईना.

दुसऱ्या दिवशी तो जुन्या कंपनीत गेला. ते म्हणाले, "आम्ही नंबर सोडला, आता तो आमचा नाही." नव्या कंपनीत गेला. ती मुलगी पडद्याकडे बघून म्हणाली, "प्रोसेसमध्ये दाखवतंय, काका."

"म्हणजे आहे कुठे माझा नंबर? त्यांच्याकडे नाही, तुमच्याकडे नाही. त्रिशंकू झाला की काय त्याचा?"

मुलगी कसनुसं हसली. तिने तक्रार नोंदवून घेतली आणि एका चिठ्ठीवर तक्रार क्रमांक लिहून दिला.

मग सुरू झाले हेलपाटे. बायकोच्या फोनवरून ग्राहक सेवेला फोन लावायचा, संगीत ऐकायचं, तक्रार क्रमांक सांगायचा आणि "अठ्ठेचाळीस तासांत होईल" हे ऐकून ठेवून द्यायचा. अठ्ठेचाळीस तास उलटले की तक्रार 'निकाली' निघालेली असायची आणि फोन तसाच मुका. बायको म्हणाली, "अहो, तुमची कुलपं बरी. फिरवली की उघडतात तरी." शेवटी लेकीने कंपनीच्या अपील अधिकाऱ्याला रीतसर अर्ज लिहिला, सोबत सगळ्या तारखा आणि चिठ्ठ्यांचे फोटो जोडले. दुकानाच्या शटरवर त्याने खडूने बायकोचा नंबर लिहिला. पण दारांवरचे स्टिकर कोण बदलणार?

अठराव्या दिवशी सकाळी त्याचा फोन अचानक वाजला. लांबच्या वस्तीतलं एक गिऱ्हाईक होतं, चार दिवस फोन लावत होतं म्हणे. चावीवाला इतका खूश झाला, की त्या कुलपाची मजुरीही त्याने घेतली नाही.

त्याच दुपारी वहिनीचा फोन आला.

नऊ वर्षांनी तिचा आवाज ऐकला, पण त्याने तो 'भाऊजी' या पहिल्या शब्दालाच ओळखला.

"भाऊजी, हे गेले. मंगळवारी. कळवायला हवं म्हणून लावला फोन. लागेल असं वाटलं नव्हतं."

तो दुकानाबाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिला. रेंज आता दुकानातही चांगली होती, तरी पाय सवयीने बाहेर आले. "कसं? काय झालं होतं दादाला?"

"यकृताचं. दीड महिना दवाखान्यात होते. शेवटचे दहा-बारा दिवस तुम्हाला फोन लावायचे. नंबर तोंडपाठ होता त्यांना. प्रत्येक वेळी ती बाई सांगायची, हा नंबर सेवेत नाही. बदललात ना नंबर. हरकत नाही. तुमचा राग तुमच्यापाशी."

"वहिनी, मी नाही बदलला! कंपनीने बंद पाडला होता. सतरा दिवस—"

"आता कशाला, भाऊजी," ती शांतपणे म्हणाली, "झालं ते झालं." आणि तिने फोन ठेवला.

ती आरडाओरडा करती तर बरं झालं असतं. त्या शांतपणात त्याला स्पष्ट ऐकू आलं, की तिला हे सगळं बहाणा वाटतंय. आणि का वाटू नये? नऊ वर्षांपूर्वी आई दवाखान्यात असताना दादा दोन दिवस उशिरा पोचला होता, आई गेल्यावर. तेव्हा याने सगळ्यांदेखत त्याला सुनावलं होतं, "आजपासून तुझा नंबर पुसला मी. तूही माझा पुसून टाक." दादा मान खाली घालून निघून गेला होता. जीभ उचलून टाळ्याला लावायला कितीसा वेळ लागतो? उचललेली जीभ परत घ्यायला नऊ वर्षं पुरली नाहीत. दर वर्षी वाटायचं, करावा फोन. दर वर्षी वाटायचं, थोरला आहे, त्याने करावा.

आणि त्याने केला होता.

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दादाच्या घरी गेला. वहिनीने दार उघडलं, पाणी दिलं, विचारपूस केली, जशी कुणाही परक्याची करावी. कंपनीची गोष्ट त्याने पुन्हा काढली तेव्हा ती उठून आत गेली.

महिन्याभरात त्याने ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली, दोन्ही कंपन्यांवर. मदतीला एक निवृत्त कारकून होते, असल्या तक्रारी लिहून द्यायचे. त्यांनी विचारलं, "नंबर तर सुरू झालाय. मग मागायचं काय? बुडालेला धंदा आणि मनस्तापाची भरपाई?"

"ती मागा. पण मला खरं हवंय ते लेखी. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत नंबर बंद होता, आणि तो आमच्या चुकीने बंद होता. एवढंच त्यांनी कागदावर लिहून द्यावं."

"भरपाई द्यायला तयार होतील," कारकून चष्मा पुसत म्हणाले, "चूक कबूल करायला नाही होणार."

तसंच झालं. दुसऱ्याच तारखेला नव्या कंपनीचे वकील त्याला बाहेरच्या बाकावर घेऊन बसले. माणूस सभ्य होता. म्हणाले, "कंपनी तुम्हाला ठीकठाक रक्कम देते. तुम्ही तक्रार मागे घ्या. फक्त चूक कुणाची यावर काही लिहायचं नाही."

"मग राहू द्या."

"अहो, लढून याहून जास्त मिळेल असं नाही."

"जास्त नकोच आहे मला," तो म्हणाला. वकिलांना ते समजलं नाही, आणि त्यानेही समजावलं नाही.

तक्रारीत त्याने एक ओळ कारकुनांच्या मनाविरुद्ध घालायला लावली होती: याच काळात माझ्या आजारी भावाने मला अनेकदा फोन केले, ते लागले नाहीत, आणि आमची भेट राहून गेली. सुनावणीत वकिलांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. "याला पुरावा काय? भावाच्या फोनची नोंद? कुणाचं प्रतिज्ञापत्र?"

पुरावा वहिनीच्या घरात होता. तो मागायला जायचं त्याच्याने झालं नव्हतं. ज्या बाईला आपल्यावर विश्वास नाही तिच्याकडे तिच्या नवऱ्याचा फोन कोणत्या तोंडाने मागायचा? तो म्हणाला, "नाही माझ्याकडे," आणि खाली बसला.

पण आयोगाने नव्या कंपनीला तिची स्वतःची नोंद हजर करायला लावली, आणि त्या दोन पानांत सगळं उघडं पडलं. दुकानात अर्ज भरताना कार्डावरच्या लांबलचक क्रमांकातला एक आकडा चुकीचा टाइप झाला होता. जुन्या कंपनीने नंबर वेळेवर सोडला, नव्या कंपनीकडे तो आलाही. पण ज्या कार्डावर चढवायचा ते कार्डच यंत्रणेला सापडेना. पहिल्याच दिवशी 'अयशस्वी' असा शेरा पडला होता. सतरा दिवस कुणी तो उघडून पाहिला नव्हता. अपिलाचा अर्ज आल्यावर पाहिला, आणि दहा मिनिटांत आकडा दुरुस्त झाला.

दहा मिनिटांत. ते ऐकताना चावीवाल्याने समोरच्या टेबलाची कड घट्ट धरली.

निकाल यायला वर्ष लागलं. जुनी कंपनी सुटली. नव्या कंपनीची सेवेत त्रुटी असल्याचं ठरलं, बंद असलेल्या तारखा स्पष्ट लिहिल्या गेल्या, भरपाई आणि खर्च देण्याचा आदेश झाला. शेवटून तिसऱ्या परिच्छेदात होतं: 'तक्रारदाराचे भावासंबंधीचे कथन पुराव्याअभावी विचारात घेता येत नाही.'

निकालाची प्रत घेऊन तो थेट वहिनीकडे गेला. कागद तिच्या हातात दिले. तिने चष्मा लावला आणि उभ्या उभ्याच वाचायला लागली. तारखांपाशी आली, थांबली, परत मागे गेली, बोटाने मोजलं. मग हळूच खुर्चीवर बसली. पुढचं वाचत वाचत त्या परिच्छेदापाशी पोचली.

"पुरावा नव्हता?" तिने विचारलं. "का नाही आलात मागायला?"

ती आत गेली आणि दादाचा फोन घेऊन आली. चार्ज केलेला होता. ती तो चार्ज करत असणार, इतके दिवस. तिने यादी उघडून त्याच्यासमोर धरली. त्याचाच नंबर, खाली खाली, एकाखाली एक. एके दिवशी सात वेळा.

"खरंच बंद होता म्हणजे," ती म्हणाली.

"हो, वहिनी. तेच सांगत होतो."

त्याला वाटलं होतं, आता हिच्या मनातली अढी जाईल, आपल्या छातीवरचं ओझं उतरेल. पण वहिनीचा चेहरा पाहता पाहता विस्कटला.

"भाऊजी, त्या दिवशी सातव्यांदा लावत होते. बोटं नीट पडत नव्हती, आकडे चुकत होते. मला बघवेना. मी फोन काढून घेतला त्यांच्या हातातून. म्हटलं, पुरे आता, कळत कसं नाही तुम्हाला, त्याने तोडलंय. नंबर बदलून टाकलाय त्याने." तिने पदर तोंडाला लावला. "ते भिंतीकडे तोंड करून झोपले. पुन्हा मागितला नाही फोन."

वर्षभर ज्या कागदासाठी चावीवाला झिजला होता, त्याने खरं ते सिद्ध केलं होतं. आणि ते खरं आता या बाईला जन्मभर सलणार होतं. तिची जुनी समजूत तिला निदान रागाचा आधार तरी देत होती.

"तुम्हाला काय ठाऊक असणार," तो म्हणाला. "मीच तसं बोललो होतो. नऊ वर्षांपूर्वी. सगळ्यांदेखत."

"बोलला होतात," ती म्हणाली. "पण ते म्हणायचे, तोंडाने बोलला तो, मनाने नाही. मीच ऐकलं नाही."

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. शेवटी ती उठली, डोळे पुसले आणि कागद नीट जुळवून त्याच्याकडे दिले.

"हे घेऊन जा, भाऊजी. घरात नको ठेवायला."

भरपाई दोन महिन्यांनी जमा झाली. बायकोने विचारलं, तिचं काय करायचं. तो म्हणाला, "राहू दे तशीच," आणि मग तो विषय पुन्हा निघाला नाही.

आता तो दर रविवारी वहिनीकडे जातो. ती चहा करते. कधी नळाचं, कधी खिडकीच्या कडीचं काम निघतं, ते तो करून देतो. दोघं भाजीच्या भावाविषयी बोलतात, तिच्या गुडघ्यांविषयी, त्याच्या लेकीच्या नोकरीविषयी. दादाविषयीही बोलतात, लहानपणच्या, जुन्या गोष्टी. शेवटच्या पंधरवड्याचा विषय मात्र दोघांपैकी कुणीच काढत नाही.