बाईंच्या तोंडचं

नातीच्या वर्गाच्या बाई गृहपाठ फोनवरच्या ग्रुपवरच टाकायच्या, आणि तिथे घरटी एकच नंबर, या घरचा तो सुनेचा. त्यामुळे बाईंचा शब्द घरी पोचायचा तो तिच्याच हातून. दुपारी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवून झाली, की ती चहाच्या कपाशेजारी फोन ठेवून शाळेच्या भाषेतला गृहपाठ मराठीत उतरवायची आणि सासूबाईंना पाठवायची. नात, घरातली पिटुकली, शाळेतून आली की तिला अभ्यासाला बसवणाऱ्या त्याच. शाळेची भाषा त्यांना येत नव्हती, आणि सुनेचं त्या ऐकत नव्हत्या.

पण बाईंचं ऐकायच्या! "गणितं पेन्सिलीने सोडवा. आधी चित्र काढा. चुकलं तर खोडू नका, चूक मला बघायची आहे," असं बाईंनी लिहिलं, त्या दिवशी सासूबाईंनी खोडरबर उचलून थेट कपाटात ठेवला. सून हेच महिनाभर सांगत होती, तेव्हा मात्र "आम्ही पण पोरं वाढवली आहेत" हे उत्तर ठरलेलं.

मग एक दिवस पिटुकली जेवता जेवता म्हणाली, "आई, तुला घर आवडत नाही ना? आजी म्हणाली, म्हणून तू उशिरा येतेस." सुनेने हातातला घास खाली ठेवला. नवऱ्याकडे बघितलं, तर तो म्हणाला, "तुम्ही दोघी बघून घ्या." या गृहस्थाचं घरातलं योगदान एवढंच.

दुसऱ्या दिवशी शुद्धलेखनाच्या सूचनेखाली सुनेने आपली एक ओळ जोडली. 'अभ्यासाच्या वेळी आजींनी गोष्टी सांगू नयेत.' संध्याकाळी घरी आली, तर सासूबाई भिंतीला टेकून गप्प बसलेल्या. इतक्या वर्षांत जे भांडून जमलं नव्हतं, ते एका ओळीने झालं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून नेम इतका छान लागतो, हे तिला नव्यानेच कळलं. तिला ते आवडलंही, खोटं कशाला बोला! मग ओळी वाढत गेल्या. 'मुलीशी घरच्या गोष्टी बोलू नयेत.' 'पाढे आईच घेईल.' सासूबाई पाळत गेल्या. बाईंना आपण अडाणी वाटलो, हे त्यांच्या मनाला इतकं लागलं की त्या जेवतानाही नातीशी बोलेनाशा झाल्या. पिटुकली एकटीच बडबडायची आणि थोड्या वेळाने तीही थांबायची.

मग बाईंचा निराळाच गृहपाठ आला. 'घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला त्यांच्या लहानपणाबद्दल पाच प्रश्न विचारा. उत्तरं त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. आईवडिलांनी मध्ये बोलू नये.' सुनेने तो दोनदा वाचला. म्हातारी रेकॉर्डिंगमध्ये काय काय ओकेल, आणि ते अख्खा वर्ग ऐकेल! त्याऐवजी तिने मराठीत लिहिलं, 'पाचव्या धड्याची प्रश्नोत्तरे.' आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आजोबांचे खोकले नि आजींचं हसू ओळीने येत राहिलं. शेवटी बाईंचा निरोप आला, तो मात्र खासगीत. 'तुमच्याकडचं रेकॉर्डिंग आलं नाही म्हणून विचारलं, तर तुमची मुलगी म्हणते, आजीला गोष्टी सांगायला बाईंनीच बंदी केली आहे. मी असं कधीही सांगितलेलं नाही. उद्या आजींना घेऊन या.'

रात्री जेवताना सुनेने तो निरोप सासूबाईंना मराठीत वाचून दाखवला. यावेळी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. करून उपयोगच नव्हता, बाईंशी बोलून आलेली पिटुकली समोर बसली होती.

"म्हणजे बाई नव्हत्या," सासूबाई म्हणाल्या. "तू होतीस."

"तुम्ही पोरीचे कान भरत होतात."

"भरत होते. माझ्या तोंडाने भरत होते. तू तर तोंड पण उसनं घेतलंस."

सुनेला हे उत्तर झोंबलं, कारण ते खरं होतं. ताट सरकवून ती उठली.

शाळेत दोघी मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर अवघडून बसल्या. पिटुकली मध्ये. बाईंनी हसून काहीतरी विचारलं. सासूबाईंनी पदर सावरला आणि सुनेकडे न बघता मराठीत बोलायला लागल्या. शांतपणे, थांबत थांबत, नळीत रक्त उतरावं तसं एकेक थेंब. सून आपल्याला घरात माणूस मानत नाही हे सांगितलं. नातीपाशी आपण सुनेबद्दल वाईट बोललो तेही सांगितलं. बाईंच्या नावाने सुनेने आपलं तोंड बंद केलं, आणि नात आपल्याशी बोलायला घाबरते, हे शेवटी.

मग त्या सुनेकडे वळल्या. "सांग बाईंना. दुसरं कोण सांगणार? मला त्यांची भाषा येत नाही."

बाई वाट बघत होत्या. सुनेने तोंड उघडलं. शेजारी पिटुकली, जिला दोन्ही भाषा येत होत्या, मान वर करून आईच्या ओठांकडे बघत होती.