खोडलेल्या नऊ ओळी

प्लेसमेंटला आठवडा उरला होता आणि आम्हा शेवटच्या वर्षाच्या पोरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यात एका कंपनीच्या सीनियर इंजिनिअर बाई भाषणाला येणार म्हटल्यावर माझं डोकंच उठलं. 'आत्मविश्वास बाळगा' ऐकून ऐकून कान किटले होते.

बाई आल्या आणि त्यांनी माइक बाजूला सारला. "आपापला रेझ्युमे काढा. ज्या ओळीवर दोन मिनिटं बोलता येत नाही, ती खोडा. आम्ही नेमकं तिथेच बोट ठेवतो."

माझ्या पानावर चौदा स्किल्स होती. त्यातली नऊ मी एकेका व्हिडिओच्या जोरावर ठोकून दिली होती. ती खोडताना जीव तुटत होता.

मागून कुणीतरी खवचटपणे विचारलं, "आणि उरलेल्यातलंच नाही आलं तर?"

"तर सरळ 'माहीत नाही' म्हणा, आणि जेवढं माहीत आहे तिथून मोठ्याने विचार करायला लागा. मी ऑफिसात रोज तेच करते."

एवढं बोलून बाई बसल्यासुद्धा! असं भाषण मी जन्मात ऐकलं नव्हतं.

आठवड्याने इंटरव्ह्यूच्या खोलीत शिरलो, तर समोर त्याच. माझं अर्धं रिकामं पान पाहून त्यांनी विचारलं, "पाचच?"

"पाचच, मॅडम. कुठूनही विचारा."

माझा आवाज कापला नाही, याचं मलाच नवल वाटलं. माझी सगळी भीती त्या नऊ ओळींतच राहत होती.