गब्रूची मान

यशोदाबाईंच्या घरात दीड वर्षं एक नाव निघालं नव्हतं. त्यांच्या पोरानं ओझरच्या विमान कारखान्यातलं शिकाऊ काम सोडलं आणि तो पिंपळगावला द्राक्षांच्या टेंपोवर कामाला गेला. नवऱ्यानं, कोंडाजींनी, त्या दिवशी बजावलं, या घरात त्याचं नाव घ्यायचं नाही. बाई गप्प बसल्या, पण ते नाव एकदा तोंडभरून घ्यायला जीव तुटायचा.

पोर गेल्यावर सहा महिन्यांनी गब्रू कुत्रा घरात आला. रोज सांजेला कोंडाजी अंगणात त्याला भाकर घालत, आणि गब्रू मान वाकडी करून बसे. चुलीपाशी बसलेल्या बाईंना तेवढंच दिसे. कान दुखत असेल म्हणून त्यांनी लसणाचं कोमट तेल त्याच्या कानात ओतलं. मान काही सरळ होईना.

"त्याला काय बी झालं नाय," कोंडाजी म्हणत राहिले. शेवटी बाईंनीच जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता धरला, तेव्हा तेही मुकाट्यानं मागून आले.

गाईबैलांच्या रांगेत कुत्रं पाहून लोक हसले. रंगनाथ डॉक्टरांनी मात्र बॅटरी लावून दोन्ही कान नीट तपासले.

"कान चांगले आहेत. तेल पुन्हा घालू नका, त्यानंच बिघडतील. कान दुखला तर मान सारखी वाकडी राहते. याची आता सरळ आहे बघा. ओळखीचा शब्द कानावर आला की काही कुत्री मान कलती करून ऐकतात. का करतात ते पुरतं कुणाला ठाऊक नाही, पण लक्ष लागलेलं असतं एवढं नक्की. घरात बोलता ते शब्द बोला बरं."

बाई म्हणाल्या, "भाकर." गब्रूची मान डावीकडे कलली. "दूध." काही नाही. "कारखाना." गब्रूनं जांभई दिली.

"घरातली नावं घ्या," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते बाहेरच्या बैलांकडे बघत होते. मग दीड वर्षाचं धाडस एकवटून त्या हळूच म्हणाल्या, "पुंजा."

गब्रूचे कान टवकारले आणि मान पार कलली.

"हे नाव रोज ऐकतोय गडी," डॉक्टर हसून म्हणाले.

बाईंचा हात गब्रूच्या पाठीवर तसाच राहिला. कुत्र्यानं पुंजाला कधी पाहिलंही नव्हतं, आणि त्यांनी स्वतः तर तोंड शिवलं होतं. मग घरात उरलं कोण?

"पहिला घास टाकताना म्हणतो मी," कोंडाजी खाली मान घालून बोलले. "हा पुंजाचा म्हणून."

बाईंना राग आला, आणि त्या रागापेक्षा माया जास्त दाटली. त्या गब्रूची दोरी धरून बाहेर पडल्या. घराकडे न वळता त्या हमरस्त्याकडे, पिंपळगावच्या दिशेनं चालू लागल्या.

"अगं, कुत्र्याला यष्टीत घेत नाय," कोंडाजी मागून म्हणाले.

"मग चालत जाते."

कोंडाजी भराभरा पावलं टाकत त्यांच्या पुढं गेले. "थांब जरा," ते म्हणाले, "टेंपो बघतो."