गाडी तुमचीच, वहिनी

पगार जमा झाला की ईमान फोनवरचा संदेश मोठ्याने वाचून दाखवतो आणि म्हणतो, "घ्या रेहाने खानम, राज्य तुमचं." या खेपेला त्याने वाचला नाही. हेलियाला मांडीवर घेऊन तिला उकडलेलं गाजर भरवत बसला. अर्धं गाजर तिच्या कानापर्यंत गेलं होतं, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"किती आला?" मी विचारलं.

"आला."

"ईमान."

"पाव हिस्सा कापलाय," तो म्हणाला. "हुज्जतच्या कर्जापायी."

हुज्जत म्हणजे ईमानचा शाळेपासूनचा मित्र. आमच्या निकाहाला साक्षीदार तोच होता. हेलिया झाली तेव्हा यझ्दच्या इस्पितळातून आम्हाला घरी आणलं तेही त्यानेच, त्याच्या निळ्या टेम्पोतून. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला शिव्या घालत, बैलगाडीच्या वेगाने. तो टेम्पो घ्यायला त्याने बँकेचं कर्ज काढलं होतं. बँकेने टेम्पो तारण धरला नव्हता, माणसं धरली होती. दोन जामीनदार, त्यातला एक पगारदार हवा. एक बाजारातला गालिचेवाला मिळाला होता. ईमान सरकारी शाळेत मास्तर. शिक्षण खात्याच्या पगार कचेरीतून त्याने कपातीचा दाखला आणून दिला: कर्जदाराने हप्ता थकवला तर माझ्या पगारातून कापा.

तेव्हा हुज्जत आमच्याच सतरंजीवर बसून म्हणाला होता, "नाही म्हणालास तरी मला राग नाही यायचा, भावा." असं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? ईमान म्हणाला, "दाखला काय मागतोस, मान माग." मी चहा ओतत होते. मीही हसले होते.

"पण जामीनदार दोन आहेत ना?" मी आता विचारलं. "मग अर्धं त्या गालिचेवाल्याचं."

"मलाही तसंच वाटलं होतं," ईमान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हेलियाला कडेवर घेऊन मी त्याच्याबरोबर बँकेत गेले. कर्जखात्याच्या बाई, दहकान खानम, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनी आधी हेलियाला एक बदाम दिला, तिला दात नाहीत हे पाहून स्वतःच खाल्ला, मग बोलल्या.

"अर्धं-बिर्धं काही नसतं, पोरी. दोघंही अख्ख्या कर्जाला बांधलेले. बँक ज्याच्याकडून हवं त्याच्याकडून घेते. गालिचेवाल्याच्या मागे कोर्टात धावावं लागतं. मास्तरांचा पगार तर दर महिन्याला आपल्या पायाने चालत येतो."

"म्हणजे सरळ माणूस सापडला म्हणून त्यालाच?"

"सापडला म्हणून," त्या म्हणाल्या. त्यांना ते सांगताना आनंद होत नव्हता. "लग्न झालंय म्हणून पाव हिस्सा तरी. सडा असता तर तिसरा हिस्सा गेला असता. जे भराल त्याच्या पावत्या ठेवा. कर्जदाराकडून वसूल करायचा तुमचा हक्क आहे."

"आणि आमचा अर्ज?" ईमानने हळूच विचारलं.

खरी भीती तीच होती. आमच्या घराचा करार संपत आला होता आणि मालकाने अनामत जवळजवळ दुप्पट सांगितली होती. तेवढ्यासाठी ईमानने त्याच बँकेत कर्ज मागितलं होतं. दहकान खानमनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. ईमानच्या नावापुढे लाल अक्षरं होती.

"जामीन दिलेलं कर्ज थकलेलं आहे तोवर तुम्हाला नवं मिळणार नाही, मास्तर. माझ्या हातात नाही ते."

बाहेर आल्यावर ईमान म्हणाला, "आज जाऊया त्याच्याकडे."

हुज्जत आपल्या आईबरोबर, सुगरा खानमबरोबर राहतो. टेम्पो दारातच उभा होता, धुऊन पुसून. सुगरा खानमनी हेलियाला माझ्याकडून ओढूनच घेतलं, पापे घेतले, चहा आला, खडीसाखर आली, कलिंगड आलं. तासभर सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी झाली. पैशाचं कोणी काढेना. ईमान कलिंगडाच्या बिया ताटलीत एका रांगेत लावत बसला होता.

शेवटी मीच म्हणाले, "हुज्जत आगा, याचा पगार कापला गेलाय."

हुज्जतची मान खाली गेली. "माहितीये वहिनी. इंजिनात खूप गेले. मग आईचं गुडघ्याचं आलं. मग भाडी मिळेनात. तोंड दाखवायला लाज वाटत होती, म्हणून फोन नाही उचलला."

"अरे, होतं असं," ईमान म्हणाला. माझा जीव जळला. होतं असं!

"नाही भावा, चूक माझी." हुज्जतने छातीवर हात ठेवला. खिशातून किल्ली काढून ईमानपुढे सतरंजीवर ठेवली. "हा टेम्पो तुझाच आहे. घेऊन जा. माझं जे आहे ते तुझंच."

"काहीतरीच काय! तुझ्याकडेच शोभतो तो."

"नाही, घेच. आईशपथ."

"लाजवू नकोस, हुज्जत."

"वहिनी, तुम्ही तरी सांगा याला. गाडी तुमचीच."

आमच्याकडे असं देऊ केलेलं कोणी घेत नाही. देणाऱ्याने आग्रह करायचा, घेणाऱ्याने नको नको म्हणायचं, आणि वस्तू जिथली तिथे राहते. दोघांचीही अब्रू राहते. हेलिया अजून बोलत नाही, पण हे तिलाही कळत असेल.

मी वाकले आणि किल्ली उचलली.

"बरं," मी म्हणाले. "उद्या सकाळी विकायला नेऊया. तुम्हीही या, सही तुमचीच लागेल."

सुगरा खानमच्या मांडीवर हेलिया त्यांच्या ओढणीचं टोक चघळत होती.

"रेहाने," ईमान दातांतून म्हणाला.

"या महागाईत जुन्या गाड्याही चढल्यात, टेम्पोची किंमत घेतल्यापासून दुपटीच्या वर गेलीये," मी हुज्जतकडेच बघून म्हणाले. "कर्ज मात्र जुन्याच आकड्यात आहे. दंड धरून सगळं फिटेल, याचे कापलेले परत मिळतील, आणि तुमच्याकडे तीनचाकी घेण्याइतके उरतील. हे तुम्हालाही ठाऊक आहे. किंमत अजून चढेल म्हणून तुम्ही थांबलाय. थांबा की. पण ईमानच्या पगारावर नको."

हुज्जतचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तो नाकारेल असं वाटलं. नाकारलं असतं तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

"मास्तरीण बोलते ते खरंय," सुगरा खानम म्हणाल्या, हेलियाकडे पाहत. "माझ्या गुडघ्यावर ढकलू नकोस, हुज्जत. गुडघ्याचे पैसे तुझ्या बहिणीने दिलेत."

टेम्पो त्याच आठवड्यात विकला गेला. कर्ज बंद झालं. दहकान खानमनी पगार कचेरीला पत्र दिलं, कपात थांबली. काही दिवसांनी लाल अक्षरंही गेली, आणि आमचा अर्ज मंजूर झाला. घर राहिलं. हेलिया त्याच भिंतीला धरून उभं राहायला शिकली.

ईमान मला एका शब्दाने बोलला नाही. फक्त पगाराचा संदेश आला की आता फोनच माझ्या हातात देतो, वाचून दाखवत नाही.

गेल्या शुक्रवारी रोटीच्या भट्टीवरच्या रांगेत हुज्जत भेटला. पुढेच होता. त्याच्या हातात दोन गरम रोट्या होत्या, तीळ लावलेल्या. हेलियाने त्याला ओळखलं आणि दोन्ही हात पसरले. तो क्षणभर हसला, अगदी पूर्वीसारखा, आणि एक रोटी आमच्यापुढे धरली.

"घ्या ना."

"नको नको, असू दे," ईमान म्हणाला.

पूर्वी हुज्जतने ती रोटी ईमानच्या खिशात कोंबली असती, बोटं भाजली असती तरी. आता त्याने माझ्या हाताकडे एकदा पाहिलं. रोटी परत घडी करून काखेत घेतली, "बरं, येतो" म्हणाला, आणि गेला.

हेलियाचे हात तसेच पसरलेले होते. ईमानने तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि रांग पुढे सरकली.