रस्त्यापलीकडची व्याख्या

शहापुरात मागाच्या कारखान्यावरच्या माडीत विद्युल्लताबाई चार दिवस एकट्याच बसत होत्या, आणि समोर मष्णू शिंप्याच्या कट्ट्यावर मारुतीअण्णा चार दिवस एकटेच बसत होते. मधे एवढासा रस्ता. पण माणसं अडून बसली की एवढासा रस्ताही घटप्रभा नदीसारखा आडवा येतो.

सन अडतीस चाललेलं. कन्नड बोलणाऱ्या प्रौढांना मराठी शिकता यावी म्हणून एका मंडळानं लहानसा शब्दकोश करायला घेतला होता. अण्णा निवृत्त शिक्षक; मूळ व्याख्या त्यांच्या. त्या सोप्या करायचं काम ट्रेनिंग झालेल्या विद्युल्लताबाईंचं. नियम दोनच. व्याख्या नऊशे साध्या शब्दांच्या यादीतच बसवायची. यादीतले शब्द आधी वर्गात वस्तू दाखवून, नक्कल करून शिकवायचे, त्यांना व्याख्या नाही. आणि शब्दानं फिरून स्वतःच्याच दारात यायचं नाही. मग शब्द दिसू नये म्हणून त्यावर अंगठा ठेवून नुसती व्याख्या खालच्या यल्लाप्पा विणकराला वाचून दाखवायची. त्यानं शब्द ओळखला तर पास.

घोडं अडलं ते ‘रुसणे’पाशी. अण्णांनी लिहिलं होतं, ‘रुसणे: रुसवा धरणे.’ आणि खाली, ‘रुसवा: रुसण्याचा भाव.’ विद्युल्लताबाईंनी यल्लाप्पासमोरच तांबडी रेघ मारली आणि हसत म्हणाल्या, “अण्णा, हा तर घाण्याचा बैल झाला.” यल्लाप्पाही हसला. अण्णांनी छत्री घेतली आणि जिना उतरले. तेव्हापासून बोलणं बंद.

शनिवारी हस्तलिखित छापखान्यात जायचं होतं आणि त्यावर दोघांची सही लागत होती. पण खरं सांगायचं तर बाईंना सहीपेक्षा समोरची रिकामी खुर्ची जास्त खुपत होती. सकाळी अण्णा आले की आधी पानसुपारी, मग शब्द, असा दोन वर्षांचा शिरस्ता होता.

शुक्रवारी दुपारी त्यांनी यल्लाप्पाला वर बोलावलं आणि अंगठा ठेवून वाचलं, “राग येऊन न बोलणे.”

“रागावणं,” यल्लाप्पा म्हणाला. “आमचं मालक. लुगड्यात गाठ दिसली की तासभर बोलत न्हाईत.”

बाईंनी दोन शब्द वाढवले. “आपल्या माणसाचा राग येऊन न बोलणे.”

“वैर. थोरला भाऊ सात वर्सं बोलत न्हाय माझ्यासंगं.”

“त्यानं यावं असं वाटतं तुला?”

“छे. त्यो दिसला की मी दार लावतो.”

दार. बाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. अण्णांनी तोंड फिरवलं होतं खरं, पण कट्ट्यावरची जागा अशी धरली होती की माडीचा जिना बरोबर दिसावा. जिन्यावर पाऊल वाजलं की छत्री हलायची. ज्याला तोडायचं असतं तो माणूस दहा ते पाच समोर कशाला बसेल? बाईंना एकदम वाईट वाटलं. नियम बरोबर होता, पण परक्यासमोर हसणं चूक होतं.

त्यांनी घाईनं चिठ्ठीवर लिहिलं आणि वाचलं, “आपल्या माणसाचा राग येऊन न बोलणे, पण त्याने जवळ येऊन बोलावे म्हणून थांबून राहणे.”

“हां, मुनिसु!” यल्लाप्पा आधी कन्नडात म्हणाला, मग सावकाश मराठीत, “रुसणं.” आणि खिडकीतून खाली बघत म्हणाला, “व्हय की, बाई. अण्णा.”

बाई चिठ्ठी घेऊन खाली उतरल्या, रस्ता ओलांडला, आणि शब्दावर अंगठा ठेवून ती अण्णांच्या पुढं धरली.

“त्या दिवशी मी हसायला नको होतं, अण्णा.”

अण्णांनी चष्मा लावला. परीक्षकासारखं एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं.

“‘राग’ यादीत हाय?”

“तुम्हीच घातलाय. वर्गात नक्कल करून दाखवता तो.”

“हं. ‘थांबून’?”

“तोही आहे.”

मग अण्णांनी कोटाच्या खिशातून चिठ्ठ्यांचा जुडगा काढला. चार दिवस तेही ‘रुसणे’चीच व्याख्या लिहीत होते. दहा चिठ्ठ्यांवर त्यांनी स्वतःच तांबडी रेघ मारली होती. अकरावीवर तेवढी रेघ नव्हती. बाईंनी वाचली: ‘म्हाताऱ्याची चूक कोणी दाखवली की त्याने रस्त्यापलीकडे जाऊन बसणे.’

“सगळे शब्द यादीतले हाईत, बघ,” अण्णा म्हणाले. “पर माझ्याबिगार कुणालाच लागू पडत न्हाय. तुझीच ठेव.”

त्यांनी छत्री उचलली आणि बाईंच्या आधी रस्ता ओलांडला.